अठ्ठेचाळीस हजार कामांमागे अडकलेलं एक बिल

सकाळी 10:20 ला एका छोट्या ग्राहकाने आमच्या सेवेत एक बिल तयार करायला टाकलं. दोन पानांचं. आमच्या यंत्रांना त्याला सेकंदभरसुद्धा लागला नसता. पण स्क्रीनवर ‘तयार होत आहे’ हे शब्द तसेच राहिले आणि बिल हातात आलं ते साडेअकराला. तोपर्यंत त्याने तीनदा पान रिफ्रेश केलं होतं, तेच बिल आणखी दोनदा टाकलं होतं आणि शेवटी फोन केला होता. त्या दिवशी असे फोन खूप आले.

आमची सेवा म्हणजे कागदपत्रांची पीडीएफ तयार करून देणारी, सुमारे तीनशे ग्राहकांनी मिळून वापरायची एक यंत्रणा. सगळ्यांची कामं एकाच टेबलात जमा व्हायची आणि वीस वर्कर ती आलेल्या क्रमाने उचलायचे. त्या दिवशी 10:05 ला एका मोठ्या ग्राहकाने महिनाअखेरची खातेपत्रकं एका झटक्यात टाकली: 48,000 कामं. त्याने काहीही चुकीचं केलं नव्हतं. करारात त्याला मर्यादा नव्हती, आणि ही सोय आम्हीच त्याला विकली होती. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे दोन आठवडे आमच्या बैठकांमध्ये त्याला ‘त्रास देणारा ग्राहक’ म्हटलं जात होतं आणि त्यामुळे आम्ही बराच काळ चुकीच्या दिशेने विचार केला.

आधी हिशेब मांडू. हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे पूर्णांकात घेतले आहेत. सरासरी काम दोन सेकंदांचं आणि वर्कर वीस, म्हणजे सेकंदाला 10 कामं उरकतात. बाकी सगळ्या ग्राहकांची मिळून सेकंदाला 3 कामं येतात. एरवी यंत्रणा जेमतेम तीस टक्के कामात असते, म्हणजे क्षमता कमी पडत होती असं म्हणायला जागा नाही. पण 10:05 नंतर लगेच आलेल्या कामापुढे 48,000 कामं उभी होती, म्हणजे 80 मिनिटं. 10:20 पर्यंत रांग सेकंदाला 7 या गतीने घटून 41,700 वर आली होती, म्हणजे साधारण 70 मिनिटं. ते दोन पानांचं बिल साडेअकराला का आलं, ते या भागाकारात आहे. रांग पूर्ण रिकामी व्हायला 114 मिनिटं लागली, जवळजवळ बारा वाजेपर्यंत. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं एकाच्या ढिगामुळे तीनशे ग्राहकांची सकाळ गेली.

पहिला उपाय सगळ्यांनाच सुचतो तो: वर्कर वाढवा. चाळीस केले तर ती 80 मिनिटं 40 होतात. सेकंदभराच्या कामासाठी 40 मिनिटं थांबणारा माणूसही फोन करणारच. आणि मोठ्या ग्राहकाने पुढच्या महिन्यात दुप्पट कामं टाकली की पुन्हा तेच. ढीग किती मोठा असेल हे ग्राहक ठरवत असेल, तर त्याच्याशी वर्करच्या संख्येने शर्यत लावता येत नाही.

दुसरा उपाय आम्ही प्रत्यक्षात दोन आठवडे चालवला: एका ग्राहकाला एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्कर. बाकीच्यांची सुटका झाली हे खरं. पण पाच वर्कर म्हणजे सेकंदाला अडीच कामं, आणि 48,000 कामांना पाच तास वीस मिनिटं. त्या वेळात जवळजवळ निम्मे वर्कर बहुतेक वेळ रिकामे बसलेले दिसायचे, आणि शेजारीच हजारो कामं पडून असायची. मला हे बघवत नव्हतं. बाकी कोणी रांगेत नसताना एकाला अडवून ठेवल्याने कोणाचाच फायदा होत नाही.

तिसरा उपाय, मोठ्या ग्राहकासाठी वेगळी रांग, चर्चेतच गळाला. आज हा मोठा आहे, उद्या दुसरा असेल. ‘मोठा’ हा ग्राहकाचा कायमचा गुण नसतो, ती त्या क्षणाची अवस्था असते. एरवी दिवसाला दहा कामं टाकणारा ग्राहकही वर्षातून एकदा वीस हजार टाकतो.

खरं तर हा प्रश्न नेटवर्कवाल्यांनी फार आधी सोडवला होता. 1985 मध्ये जॉन नेगल यांनी आरएफसी 970 मध्ये दाखवलं की पॅकेट स्विचमध्ये सगळ्यांची एकच रांग असेल तर जो जास्त पॅकेट कोंबतो त्यालाच जास्त वाटा मिळतो. बळी तो कान पिळी. त्यांनी सुचवलेला मार्ग साधा आहे: प्रत्येक पाठवणाऱ्याची वेगळी रांग ठेवा आणि त्या रांगांमधून आळीपाळीने एकेक घ्या. मग ज्याची रांग लांब, त्याची वाटही लांब. ज्याचं एकच काम आहे, त्याचा नंबर पहिल्याच फेरीत लागतो. आणि कोणीच नसेल तेव्हा एकट्याला सगळं मिळतं, वर्कर रिकामा राहत नाही.

आमच्या आकड्यांत हे बसवून बघू. बाकीच्यांना सेकंदाला 3 कामांची गरज आहे, ती लगेच भागते. उरलेली 7 मोठ्या ग्राहकाला मिळतात. 48,000 भागिले 7 म्हणजे 114 मिनिटं. म्हणजे त्याचं काम आधी 80 मिनिटांत संपायचं, आता 114 मिनिटांत संपेल. रांग दोन्ही पद्धतींत बाराच्या सुमारासच रिकामी होते. चौतीस मिनिटं त्याच्याकडून घेऊन बाकी सगळ्यांना वाटायची, एवढाच हा व्यवहार.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली नाही तर सगळं करूनही ‘काही फरक पडला नाही’ असा निष्कर्ष निघेल. आमच्या डॅशबोर्डवर सगळ्या कामांचा मिळून सरासरी थांबण्याचा वेळ दिसायचा. जुन्या पद्धतीत मोठ्या ग्राहकाचं काम सरासरी 40 मिनिटं थांबतं, आणि त्या काळात आलेल्या इतरांचंही सरासरी 40 मिनिटं. नव्या पद्धतीत त्याचं 57 मिनिटं आणि इतरांचं जवळजवळ शून्य. आता सगळ्यांची सरासरी काढा. त्याची 48,000 कामं गुणिले 57, इतरांची साधारण 20,570 गुणिले शून्य, भागिले एकूण 68,570. उत्तर पुन्हा 40. हा योगायोग नाही. कामं सारख्या आकाराची असतील आणि वर्कर कधी रिकामे बसत नसतील, तर क्रम कसाही बदला, एकूण सरासरी तीच राहते. क्रम बदलल्याने थांबणं कमी होत नाही, ते कोणाच्या वाट्याला येतं हे बदलतं. म्हणून मोजमाप ग्राहकागणिक करावं लागतं: प्रत्येक ग्राहकाचा वेगळा आकडा, आणि मग सगळ्या ग्राहकांपैकी सर्वात वाईट स्थितीत कोण आहे ते.

आळीपाळीची पद्धत आम्ही चाचणीत लावली आणि दुसऱ्याच दिवशी तिची मर्यादा दिसली. आमच्याकडे एक ग्राहक दोनशे पानांचे अहवाल बनवतो. त्याचं एक काम चाळीस सेकंदांचं. त्याच्यात आणि दोन सेकंदांची कामं टाकणाऱ्यात एकाआड एक पाळी दिली, तर वर्करच्या दर 42 सेकंदांपैकी 40 त्याला मिळतात, म्हणजे 95 टक्के. पाळ्या समान, वाटा मात्र अजिबात समान नाही. म्हणजे कामं मोजून चालणार नाही, वर्करचा वेळ मोजावा लागेल.

म्हणून प्रत्येक ग्राहकाचं एक खातं उघडलं. त्याच्यासाठी वर्करचे जितके सेकंद खर्च झाले, तितके त्याच्या खात्यावर चढतात. वर्कर मोकळा झाला की ज्यांची कामं बाकी आहेत त्यांच्यापैकी सर्वात कमी खर्चाचं खातं निवडायचं आणि त्याचं सर्वात जुनं काम उचलायचं. बस. पोस्टग्रेसमध्ये ग्राहक निवडण्याचा भाग इतका छोटा आहे:

```sql
SELECT id
FROM tenants
WHERE pending > 0
ORDER BY vtime
LIMIT 1
FOR UPDATE SKIP LOCKED;
```

`vtime` म्हणजे ते खातं. निवड, काम उचलणं आणि खात्यावर चढवणं हे एका छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये उरकतं, आणि पीडीएफ बनवण्याचं खरं काम ती संपल्यानंतर सुरू होतं. `SKIP LOCKED` मुळे दोन वर्कर एकमेकांची वाट बघत बसत नाहीत. एकाने पहिलं खातं धरलं असेल तर दुसरा पुढचं घेतो. त्यामुळे क्रम क्वचित एखाद्या कामाने चुकतो, तेवढं आम्ही चालवून घेतलं. फक्त एकाच ग्राहकाची कामं उरली असतील तेव्हा दुसऱ्या वर्करला क्षणभर काहीच सापडत नाही, म्हणून ‘काम नाही’ असं उत्तर आलं तरी त्याला काही मिलिसेकंदांनी पुन्हा विचारावं लागतं. हे लिहायला विसरलात तर एकट्या ग्राहकाच्या वेळी वर्कर उगाच झोपलेले दिसतील.

या छोट्या यंत्रणेत दोन जागा अशा आहेत की तिथे आम्ही पडलो.

पहिली: खात्यावर खर्च कधी चढवायचा? काम संपल्यावर खरे सेकंद कळतात, म्हणून आम्ही तेव्हाच चढवत होतो. मग झालं असं की अहवालवाल्या ग्राहकाचं खातं सर्वात कमी होतं, म्हणून पहिल्या वर्करने त्याचं काम उचललं. ते चाळीस सेकंद चालणार होतं आणि तोपर्यंत खातं जागचं हललंच नाही. म्हणून दुसऱ्या वर्करनेही त्याचंच उचललं, तिसऱ्यानेही, असे वीसच्या वीस. आता आम्ही उचलतानाच अंदाजाने चढवतो, पानामागे 0.2 सेकंद या हिशेबाने, आणि काम संपल्यावर फरक वळता करतो. अंदाज थोडा चुकला तरी बिघडत नाही, शेवटी खरा खर्चच खात्यावर राहतो. काम फसून पुन्हा चालवावं लागलं तर त्याही सेकंदांचा खर्च त्याच खात्यावर जातो. नाहीतर सतत फसणारी कामं टाकणारा फुकटात वर्कर अडवतो.

दुसरी जागा जास्त फसवी आहे. एखादा ग्राहक महिनाभर काहीच पाठवत नाही. त्याचं खातं 1,000 सेकंदांवर थांबलेलं असतं, तर रोज काम करणाऱ्यांची खाती 90,000 च्या आसपास पोहोचलेली असतात. मग एके दिवशी तो 40,000 कामं टाकतो. ती 80,000 सेकंदांची कामं आहेत, आणि त्याच्याकडे 89,000 सेकंदांची ‘शिल्लक’ आहे. म्हणजे त्याची सगळी कामं संपेपर्यंत दुसऱ्या कोणाची पाळीच येणार नाही. वीस वर्करांवर 67 मिनिटं. ज्या रोगावर औषध शोधलं, तोच रोग मागच्या दाराने परत आला. न वापरलेली क्षमता साठवून ठेवता येत नाही. गेल्या मंगळवारी रिकामा बसलेला वर्कर आज कोणालाही देता येत नाही, म्हणून तिची शिल्लकही असू नये. उपाय एका ओळीचा आहे. रिकामा ग्राहक परत आला की त्याचं खातं सध्याच्या पातळीवर आणायचं, म्हणजे नुकतंच ज्याचं काम उचललं त्याच्या खात्याच्या उचलण्याआधीच्या आकड्यापर्यंत:

```sql
UPDATE tenants
SET vtime = CASE WHEN pending = 0
                 THEN GREATEST(vtime, $2)
                 ELSE vtime END,
    pending = pending + 1
WHERE id = $1;
```

`GREATEST` महत्त्वाचं आहे. खातं वर नेता येतं, खाली कधीच आणायचं नाही. नाहीतर क्षणभर रांग रिकामी करून परत येणाऱ्याचा खर्च माफ होईल. याच ओळीचा उलट बाजूनेही उपयोग होतो. रात्री एकट्याने वर्कर वापरणाऱ्याचं खातं खूप वर जातं, पण सकाळी येणारे सगळे त्याच्याच पातळीवरून सुरू करतात. दुसऱ्या कोणालाच नको होतं तेव्हा वापरलं, म्हणून त्याला शिक्षा होत नाही.

एवढं सगळं करून चाचणी घेतली. वर्कर नव्याने सुरू केले, हजारो कामांचा ढीग टाकला आणि दुसऱ्या ग्राहकाकडून एक बिल टाकलं. यायला दीड मिनिट लागलं. तासाभराच्या मानाने उत्तमच, पण हिशेबाने ते सेकंदाच्या आत सुरू व्हायला हवं होतं. खाती तपासली, बरोबर होती. क्वेरी तपासली, बरोबर होती. शेवटी एका सहकाऱ्याने वर्करची सेटिंग्ज उघडली. प्रत्येक वर्कर डेटाबेसकडे वारंवार जायला लागू नये म्हणून एकदम पन्नास कामं उचलून स्वतःच्या मेमरीत ठेवत होता. सगळे एकाच वेळी सुरू झाले, तेव्हा रांगेत एकच ग्राहक होता, आणि प्रत्येकाने त्याची पन्नास-पन्नास कामं भरून घेतली. आता पुढचे 100 सेकंद कोणीही विचारायला येणार नव्हतं. निवड न्याय्य होती, पण ती कामाच्या खूप आधी होऊन गेली होती. एका वेळी एकच काम उचलायचं असं ठरवलं आणि डेटाबेसवरचा भार थोडा वाढला तो सोसला. तुमच्या यंत्रणेत निवड आणि प्रत्यक्ष काम यांच्या मधे दुसरी कोणतीही साठवण असेल, मग ती मेमरी असो, मेसेज ब्रोकर असो की कनेक्शन पूल, तर तिच्यात जुनी ‘आधी आला तो आधी’ रांग लपून बसलेली असते.

लांब कामांचा प्रश्न मात्र निवडीने सुटत नाही. सुरू झालेलं काम आम्ही मधेच थांबवू शकत नाही. निवांत वेळी कोणी तीन-तीन हजार पानांची वीस कामं टाकली तर प्रत्येक दहा मिनिटांचं, आणि वीसही वर्कर दहा मिनिटं बंद. त्यानंतर आलेल्याचं खातं कितीही कमी असलं तरी त्याला द्यायला वर्करच नाही. त्यावर दोन गोष्टी केल्या. मोठी कागदपत्रं पन्नास पानांच्या तुकड्यांत तोडली. तुकडा दहा सेकंदांचा, आणि शेवटी सगळे तुकडे जोडणारं एक छोटं काम. तुकड्यांमुळे वर्कर सतत मोकळे होत राहतात आणि निवडीला संधी मिळते. शिवाय एका ग्राहकाला वीसपैकी जास्तीत जास्त अठरा वर्कर ही मर्यादा ठेवली. एकटा ग्राहक असताना दोन वर्कर रिकामे राहतात, ही मी आधी नाकं मुरडलेलीच गोष्ट आहे. पण पाचाची मर्यादा आणि अठराची मर्यादा यांत फरक आहे: दहा टक्के क्षमता देऊन येणाऱ्या प्रत्येकाला जवळजवळ नक्की एक उघडं दार मिळतं.

पुढच्या महिनाअखेरीला 10:05 ला ढीग आला. 10:06 ला माझा फोन वाजला आणि पोटात गोळा आला. रांगेची लांबी 5,000 च्या वर गेली की वाजणारा तो जुना अलार्म होता. ग्राहकागणिक आकडे उघडले तर बाकी सगळ्यांची कामं सेकंदाच्या आत सुरू होत होती. रांग लांब होती, पण कोणाला त्रास नव्हता. तो अलार्म काढून टाकला. आता वाजतो तो वेगळा: ज्या ग्राहकांची वीसपेक्षा कमी कामं बाकी आहेत, त्यांच्यापैकी कोणाचं सर्वात जुनं काम तीस सेकंदांपेक्षा जास्त थांबलं असेल तर.

मोठ्या ग्राहकाचं काम बाराच्या सुमारास संपलं आणि अपेक्षेप्रमाणे त्याची तक्रार आली: आधी सव्वा तास-दीड तास लागायचा, आता दोन तास. विक्री विभागाने विचारलं, जास्त पैसे देणाऱ्याला दुप्पट वजन देता येईल का? देता येतं. त्याच्या खात्यावर सेकंद निम्म्या गतीने चढवायचे, की झालं. पण त्याला त्याचा काहीच उपयोग झाला नसता. बाकीचे आपल्या वाट्यापेक्षा खूप कमी, सगळे मिळून सेकंदाला 3 मागत होते, आणि उरलेलं सगळं त्याला आधीच मिळत होतं. वजन तेव्हाच कामी येतं जेव्हा दुसऱ्या कोणाचाही ढीग त्याच वेळी साचलेला असतो. त्याला घाई हवी असेल तर इतरांची वर्दळ नसेल अशी वेळ निवडणं हाच मार्ग होता. रात्री अठरा वर्कर त्याला सलग मिळतात, सेकंदाला 9 कामं, म्हणजे 89 मिनिटं. हे आकडे समोर ठेवल्यावर त्यांनी स्वतःहून वेळ रात्री अकराची केली.

पण त्याआधी त्यांच्याच कार्यालयातून आलेला एक फोन मला अजून आठवतो. त्यांच्या एका कर्मचाऱ्याने त्या सकाळी 10:15 ला समोर बसलेल्या माणसासाठी एक पावती टाकली होती, आणि ती त्यांच्या स्वतःच्याच 48,000 पत्रकांमागे उभी राहिली. आम्ही ग्राहकाग्राहकांत न्याय केला होता, पण ग्राहकाच्या आत जुनीच रांग होती, आणि नव्या पद्धतीत ती आणखी हळू सरकत होती. आधी ज्या पावतीला 73 मिनिटं लागली असती तिला आता जवळजवळ पावणेदोन तास लागत होते. म्हणून प्रत्येक ग्राहकाच्या आत ‘सुटं’ आणि ‘घाऊक’ अशी दोन उपखाती केली. ग्राहकाची पाळी आली की त्या दोन उपखात्यांपैकी ज्याचा खर्च कमी त्याचं काम उचललं जातं. खर्च दोन्हींचा त्याच ग्राहकाच्या मुख्य खात्यावर चढतो, त्यामुळे सगळी कामं ‘सुटं’ म्हणून टाकली तरी इतर ग्राहकांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते त्याच्या स्वतःच्या पावत्यांचं.